चाचणीचा पिक्सेल कुठून आला?

उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीचे नकाशे करणाऱ्या शोधनिबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: ‘एकूण अचूकता ९६ टक्के.’ वर एक रंगीत नकाशा असतो, त्यात शेती, जंगल, पाणी, वस्ती, पडीक असे वर्ग पाडलेले असतात. खाली एक तक्ता आणि तक्त्याच्या कोपऱ्यात हा आकडा. वाचणारा त्याचा सरळ अर्थ घेतो. या नकाशातल्या कुठल्याही शंभर जागी जाऊन पाहिले, तर शहाण्णव जागी नकाशा खरा निघेल. पुष्कळ निबंधांत त्या आकड्याचा अर्थ असा नसतो. गणित चुकलेले नसते, आकडे बनवलेलेही नसतात. चूक त्याआधीच, चाचणीसाठी जागा निवडताना झालेली असते, आणि तक्त्यात ती दिसत नाही.

ही चूक कशी होते हे पाहण्यासाठी एक उदाहरण रचू. समजा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात उसाखाली किती जमीन आहे याचा नकाशा करायचा आहे. प्रतिमा युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या आहेत; त्या कुणालाही फुकट मिळतात. निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त या पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा आणि एक एकराचे शेत म्हणजे सुमारे ४० पिक्सेल, असा हिशेब आपल्याकडे अगदी सोपा होतो.

एक विद्यार्थिनी मोबाइलवर जीपीएस लावून तालुक्यात फिरते. रस्त्याला लागून असलेली पन्नास शेते ती पाहते: कुठे आडसाली ऊस, कुठे खोडवा, कुठे सोयाबीन, कुठे हळद. घरी येऊन संगणकावर प्रत्येक शेताची हद्द आखते. प्रत्येकी एक एकर धरले तर पन्नास शेतांचे २,००० पिक्सेल होतात आणि प्रत्येकावर पिकाचे नाव आहे. आता हे २,००० पिक्सेल संगणक सरमिसळ करून दोन भागांत वाटतो. ७० टक्के शिकण्यासाठी, ३० टक्के चाचणीसाठी. रँडम फॉरेस्ट नावाची, या क्षेत्रात फार वापरली जाणारी पद्धत १,४०० पिक्सेलवर शिकते, उरलेल्या ६०० वर तपासली जाते आणि अचूकता ९६ टक्के येते. चाचणीचे पिक्सेल शिकताना दाखवलेले नव्हते, तेव्हा वरवर पाहता सगळे नियमाला धरून झाले आहे.

आता त्या ६०० पैकी एखादा पिक्सेल उचलून पाहावा. तो शेताच्या मध्यभागी असेल, तर त्याला आठ शेजारी आहेत. प्रत्येक शेजारी शिकण्याच्या गठ्ठ्यात गेलेला असण्याची शक्यता ७० टक्के. आठांपैकी एकही तिकडे गेलेला नाही, असे घडण्याची शक्यता सुमारे पंधरा हजारांत एक. म्हणजे चाचणीच्या जवळपास प्रत्येक पिक्सेलचा सख्खा शेजारी, त्याच शेतातला, त्याच शेतकऱ्याने त्याच दिवशी लावलेल्या, त्याच पाण्यावर वाढलेल्या उसाचा तुकडा, संगणकाने उत्तरासकट आधीच पाहिलेला आहे. सरावात सोडवून दिलेलीच उदाहरणे एखादा आकडा बदलून परीक्षेत विचारावीत, तसे हे झाले.

या शेजारधर्माला संख्याशास्त्रात अवकाशीय स्वसहसंबंध म्हणतात. अर्थ इतकाच की जवळच्या दोन जागांची मोजमापे एकमेकींसारखी असतात आणि अंतर वाढेल तसे हे साम्य ओसरत जाते. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९७० साली डेट्रॉइट शहराच्या वाढीवर लिहिताना हीच गोष्ट मांडली आणि ती भूगोलाचा पहिला नियम म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९५० मध्ये, पॅट्रिक मोरान यांनी हे साम्य मोजण्याचे एक सूत्र दिले होते. मोरानचा निर्देशांक शून्याच्या आसपास असेल तर शेजाऱ्यांत विशेष साम्य नाही. तो एकाकडे सरकला तर सारख्या किमती एकमेकींजवळ गोळा झालेल्या आहेत.

उपग्रहाच्या प्रतिमेत हे साम्य दोन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीची. माती, उतार, पाण्याची सोय, लागवडीची तारीख या गोष्टी दर दहा मीटरला बदलत नाहीत. दुसरी वाट यंत्राची, आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. संवेदकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात शेजारच्या पिक्सेलचा प्रकाशही थोडा मिसळलेला असतो. शिवाय सेंटिनेल-२ चे काही उपयुक्त पट्टे २० मीटरचेच आहेत; ते १० मीटरच्या जाळीवर बसवताना बहुधा एकाच किमतीच्या चार प्रती होतात. अशा चौकडीतले तीन पिक्सेल शिकण्यासाठी गेले आणि चौथा चाचणीला आला, तर त्या पट्ट्यापुरती चाचणी अक्षरशः पाहिलेल्या आकड्यावर चालते.

याचे दोन वेगवेगळे परिणाम होतात आणि निबंधांत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला असा की आकडा फुगतो. पद्धत ‘ऊस कसा दिसतो’ हे शिकली की ‘ही पन्नास शेते कशी दिसतात’ एवढेच शिकली, हे या चाचणीतून कळत नाही, कारण दोन्ही बाबतींत गुण सारखेच पडतात. रँडम फॉरेस्टसारखी पद्धत बारीकसारीक फरक लक्षात ठेवण्यात फार तरबेज असते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा धोका जास्त.

दुसरा परिणाम असा की आकड्याभोवतीची खात्री खोटी ठरते. ६०० चाचण्या घेतल्या असे लिहिले जाते. पण एका शेतातले १२ पिक्सेल बहुतेक एकत्रच बरोबर येतात किंवा एकत्रच चुकतात. शेतात एकाचे उत्तर बरोबर आले की दुसऱ्याचेही येण्याचा सहसंबंध ०.९ धरला, तर ६०० पिक्सेलमध्ये माहिती सुमारे ५५ स्वतंत्र निरीक्षणांइतकीच उरते. शेते पन्नास पाहिली होती, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. अचूकता ९० टक्के आली असेल, तर ६०० च्या हिशेबाने तिच्या आजूबाजूची अनिश्चितता अडीच टक्क्यांहून थोडी कमी भरते. ५५ च्या हिशेबाने ती आठ टक्क्यांच्या घरात जाते. दोन पद्धतींची तुलना करून ‘आमची पद्धत दीड टक्क्याने सरस’ असे सांगणाऱ्या निबंधाचा सारा निष्कर्ष या फरकात बुडून जातो.

हे कुणाला माहीत नव्हते असेही नाही. १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाखालचे क्षेत्र नमुना सर्वेक्षणाने काढत होते. तेव्हा त्यांनी नमुन्याच्या चौकोनाचा आकार किती असावा याचा कसून अभ्यास केला. एका मोठ्या चौकोनापेक्षा तेवढ्याच क्षेत्राचे अनेक छोटे, विखुरलेले चौकोन जास्त माहिती देतात, पण माणसांना फिरवण्याचा खर्च वाढतो. या दोहोंचा मेळ घालण्याची पद्धत त्यांनी बसवली. उपग्रह नकाशांच्या बाबतीत रसेल काँगल्टन यांनी १९८८ मध्ये शेती, कुरणे आणि जंगल अशा तीन प्रकारच्या प्रदेशांत नकाशाच्या चुका कुठे पडतात ते पाहिले. चुका विखुरलेल्या नव्हत्या, त्यांचे पुंजके होते आणि काही ठिकाणी एका चुकीचा प्रभाव ३० पिक्सेलपर्यंत, म्हणजे मैलभराहून अधिक अंतरापर्यंत जाणवत होता. इतके जुने ज्ञान हाताशी असताना आजही सरमिसळ वाटणीचे निबंध छापले जातात, हे मन विषण्ण करणारे आहे. संगणकाच्या तयार साधनांत ती वाटणी एका ओळीत होते, हे त्याचे एक कारण.

आकडा किती फुगू शकतो याचे अंगावर येणारे उदाहरण मध्य आफ्रिकेतले आहे. ते पिकांच्या किंवा जंगलांच्या वर्गांचे नसून जंगलात झाडांच्या रूपाने जमिनीवर किती वजन साठले आहे याच्या नकाशाचे आहे. पण पद्धत आणि चूक दोन्ही तीच. पिएर प्लोतों आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यांच्याकडे १ कोटी १८ लाख झाडांची मोजमापे होती, लाकूडतोडीसाठी दिलेल्या जंगलपट्ट्यांतल्या गणनेतून आलेली. उपग्रहाच्या आणि हवामानाच्या माहितीवरून हे वजन सांगायला रँडम फॉरेस्ट शिकवले. सरमिसळ वाटणीने तपासले तेव्हा वजनातल्या चढउतारापैकी निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, पद्धतीला सांगता येतो असे दिसले. असे निबंध अशा आकड्यावर छापून येतात.

मग त्यांनी अंतर मोजले. झाडांच्या वजनातले शेजारसाम्य सुमारे १२० किलोमीटरपर्यंत टिकत होते. म्हणून चाचणीच्या जागा शिकण्याच्या जागांपासून दूर ठेवून तपासणी पुन्हा केली. पद्धतीची ताकद जवळजवळ शून्यावर आली. जी माहिती तिने ‘शिकली’ होती, ती बहुतांशी शेजाऱ्यांची उत्तरे होती. जिथे कोणी मोजायला गेलेच नव्हते, तिथे नकाशा रंग भरत होता, पण त्या रंगाला आधार नव्हता.

वाळव्याच्या नकाशालाही अशी परीक्षा लावता येते, आणि त्यासाठी नवीन शेत पाहावे लागत नाही. पिक्सेल वाटण्याऐवजी शेते वाटायची: ३५ शेते पूर्ण शिकण्यासाठी, १५ पूर्ण चाचणीसाठी. मग गावे वाटायची, म्हणजे एका गावातली सगळी शेते एकाच बाजूला. तीन वाटण्यांत आकडा जागेवर राहिला तर पद्धत खरोखर ऊस ओळखते आहे. पायरीपायरीने घसरला तर पहिला आकडा शेजाऱ्यांच्या जिवावर आलेला होता. आणखी एक झडती तर फारच बोलकी असते. पद्धतीला प्रतिमा द्यायचीच नाही, फक्त प्रत्येक पिक्सेलचे अक्षांश-रेखांश द्यायचे. ऊस कसा दिसतो याची काडीचीही माहिती नसताना सरमिसळ चाचणीत तिला भरघोस गुण मिळाले, तर ती चाचणी जवळिकीचीच आहे हे उघड होते.

इथे पुष्कळ जण एक सोपा धडा घेतात: चाचणीच्या जागा नेहमी दूर ठेवाव्यात, म्हणजे झाले. हा धडा अर्धाच बरोबर आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांत चांगली खडाजंगी झाली. २०२१ मध्ये अलेक्सांद्र वादू, जेरार्ड ह्यूवेलिंक, साइत्झे द ब्राउन आणि डिक ब्रुस यांनी एक निबंध लिहिला. अंतर राखून केलेली चाचणी ही नकाशाची अचूकता ठरवण्याची योग्य रीत नव्हे, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले. त्यांनी ॲमेझॉन खोऱ्यातला असाच एक वजनाचा नकाशा घेतला, तोच सत्य मानला आणि त्यातून वेगवेगळ्या तऱ्हेने नमुने काढून पाहिले. खरे उत्तर हाती असल्यामुळे कुठली चाचणी किती चुकते हे थेट मोजता आले. नमुना सगळ्या प्रदेशात यादृच्छिक पसरलेला असेल, तेव्हा साधी सरमिसळ चाचणी बरोबर निघाली आणि अंतर राखणारी चाचणी नकाशाला उगाच वाईट ठरवत होती. नमुना पुंजक्यांत असेल, तेव्हा साधी चाचणी नकाशाला जास्त चांगला ठरवत होती, आणि अंतर राखल्यानेही खरे उत्तर मिळत नव्हते.

नीट पाहिले तर दोन्ही गटांचे म्हणणे खरे आहे, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ‘ही पद्धत ज्या मुलखात कोणी गेलेच नाही तिथे कशी चालेल?’ हा एक प्रश्न. वाळव्यात शिकवलेली पद्धत शेजारच्या शिराळ्यात लावायची असेल, जिथे पाऊस जास्त आहे, डोंगरउतार आहेत आणि भात आहे, तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि त्याला दूरच्या जागांवरची चाचणीच लागते. ‘वाळव्याचा हा तयार नकाशा किती बरोबर आहे?’ हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर शिकण्याच्या माहितीचे कितीही कुशल तुकडे करून मिळत नाही. त्यासाठी नकाशा तयार झाल्यावर त्याच्या सगळ्या क्षेत्रातून चिठ्ठ्या टाकून नव्या जागा निवडाव्या लागतात आणि तिथे खरे काय आहे ते पाहावे लागते.

चिठ्ठ्या टाकल्या की स्वसहसंबंधाची भीती का जाते, हे समजण्याजोगे आहे. शेते एकमेकांसारखी असली तरी कुठली जागा निवडली जाईल हे शेतांनी ठरवलेले नसते, रस्त्यानेही नाही आणि शिकण्याच्या पिक्सेलनीही नाही. प्रत्येक गुंठ्याला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी मिळते. त्यातले काही ठिपके आधी पाहिलेल्या शेतांजवळ पडतील, पुष्कळसे लांब पडतील. आणि तालुक्यात जवळच्या-लांबच्या जमिनीचे जे खरे प्रमाण आहे, साधारण त्याच प्रमाणात पडतील. रस्त्याकडेच्या पन्नास शेतांत हे प्रमाण कधीच उतरत नाही.

या रीतीने आणखी काय हाती लागते ते पाँटस ओलॉफसन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या मार्गदर्शक निबंधातल्या उदाहरणावरून दिसते. समजावण्यासाठी त्यांनी लँडसॅटच्या ३० मीटर पिक्सेलचा, एक कोटी पिक्सेलचा नकाशा घेतला. त्यात २ लाख पिक्सेल, म्हणजे १८,००० हेक्टर, ‘जंगलतोड’ म्हणून रंगवलेले. चार वर्गांतून चिठ्ठ्यांनी ६४० जागा तपासल्या. एकूण अचूकता ९५ टक्के आली. इथे थांबले असते तर सगळे छान होते.

पण तपशील पाहावा. जंगलतोड म्हणून रंगवलेल्या ७५ जागांपैकी ६६ खऱ्या निघाल्या. उलट बाजूने, न बदललेले जंगल म्हणून रंगवलेल्या १६५ पैकी एका जागी आणि बिगरजंगल म्हणून रंगवलेल्या ३२५ पैकी दोन जागी प्रत्यक्षात तोड झालेली होती. तीनच जागा. मात्र हे दोन वर्ग नकाशाच्या साडेशहाण्णव टक्के क्षेत्रावर पसरलेले असल्याने त्या तीन जागांचे वजन फार मोठे ठरले. हिशेब केल्यावर जंगलतोडीचे क्षेत्र १८,००० हेक्टर नव्हे तर सुमारे २१,१५८ हेक्टर निघाले, आणि त्यातही अनिश्चितता ६,१५८ हेक्टरची, दोन्ही बाजूंना. ज्या जमिनीवर खरोखर तोड झाली, तिच्यापैकी ७५ टक्केच नकाशाने पकडली होती. ‘९५ टक्के अचूक’ या आकड्यात हे काहीच दिसत नव्हते. नकाशाचे पिक्सेल नुसते मोजून क्षेत्र जाहीर करणे किती धोक्याचे आहे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

प्रत्यक्षात ही रीत महाग आहे, हे मान्य केले पाहिजे. चिठ्ठीने पडलेला ठिपका कुणाच्या मळ्याच्या मधोमध असतो, कधी नदीपलीकडे, कधी कुंपणाआड. जंगल की पाणी हे बारीक प्रतिमा पाहून घरबसल्या ठरवता येते, पण ऊस की मका हे एका प्रतिमेवरून खात्रीने सांगता येत नाही. तिथे जावे लागते, आणि तेही पीक उभे असताना. म्हणून महालनोबिसांचीच तडजोड पुन्हा कामाला येते: आधी चिठ्ठ्यांनी गावे निवडायची, मग त्या गावांत चिठ्ठ्यांनी ठिपके. वीस गावांत प्रत्येकी पंधरा ठिपके घेतले तर ३०० जागा होतात आणि फिरणे आटोक्यात राहते. एका गावातले ठिपके एकमेकांसारखे असणार, म्हणून अनिश्चितता ३०० च्या हिशेबाने काढायची नाही, गावांमधला फरक धरून काढायची. आकड्याची पट्टी रुंद होते, पण ती खरी असते.

निबंध वाचणाऱ्या सामान्य माणसालाही यातले बरेचसे तपासता येते. अचूकतेच्या तक्त्यावरून नजर काढून पद्धतीच्या विभागात चाचणीच्या जागांबद्दलची दोन-तीन वाक्ये शोधावीत. तिथे ‘नमुन्यांची ७०:३० अशी यादृच्छिक विभागणी केली’ एवढेच असेल आणि नमुने शेतांच्या आखलेल्या हद्दींतून आलेले असतील, तर वर छापलेला आकडा त्या हद्दींच्या आतला आहे. पिक्सेल हजारोंनी आणि शेतांची संख्या कुठेच नाही, हीही तशीच खूण. चाचणीचे ठिपके नकाशावर दाखवलेले असतील तर ते रस्त्यांच्या आणि गावांच्या बाजूने दाटले आहेत का, तालुक्याचा एखादा कोपरा पूर्ण कोरा आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. आणि उसाचे क्षेत्र हेक्टरमध्ये दिले असेल, तर त्याच्याशेजारी कमी-अधिकची मर्यादा छापली आहे का आणि ती किती गावांच्या किंवा किती शेतांच्या आधारावर काढली आहे, हे त्याच विभागात सापडायला हवे.